ऑनलाइन चाचणीत लॅपटॉप का अडकले : 11 सप्टेंबरच्या सकाळचा हिशेब

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : नववी अ, ऑनलाइन घटक चाचणी, संगणक कक्षातल्या लॅपटॉपांबाबत

मॅडम,

गुरुवारी, 11 सप्टेंबर 2025 रोजी नववी अ च्या चाचणीत 40 पैकी 22 लॅपटॉप अडकले. शुक्रवारच्या बैठकीत बहुतेकांचा रोख इंटरनेटवर होता आणि 300 एमबीपीएसची दुसरी लाइन घ्यावी असा विषय निघाला. तो खर्च मंजूर होण्याआधी ही नोंद आपण वाचावी, अशी विनंती आहे. आपली सध्याची 100 एमबीपीएसची लाइन या चाचणीला पुरेशी आहे. अडकल्या त्या जुन्या लॅपटॉपमधल्या फिरत्या हार्ड डिस्क. आणि त्या अडकल्या, कारण गणपतीच्या सुट्टीपासून कपाटात बंद असलेले लॅपटॉप आपण थेट परीक्षेच्या सकाळी उघडले.

त्या सकाळी काय दिसलं

लॅपटॉप 7.20 ला उघडले, चाचणी 7.30 ला सुरू झाली. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनाच पान उघडायला वेळ लागत होता. हे खरं आहे, आणि इंटरनेटवर संशय गेला तो याच मिनिटांमुळे. पण नव्या 12 लॅपटॉपवरच्या मुलांची पानं उशिरा का होईना उघडली आणि पुढे त्यांना काही अडचण आली नाही. जुन्या लॅपटॉपांचं उलट झालं. आठ वाजत आले तसे ते आणखी बिघडत गेले. पर्यायावर क्लिक केलं की गोल फिरत राहायचा, अर्ध्या मिनिटाने ठिपका उमटायचा. तेवढ्यात मुलाने आणखी तीनदा क्लिक केलेलं असायचं, आणि ती तिन्ही क्लिक नंतर एकदम लागू व्हायची. एका मुलीचा पर्याय असा आपोआप बदलला, तिने हात वर केला, आणि मी तिथे पोचेपर्यंत चाचणीने तिला बाहेर काढलं होतं. चाचणीची खिडकी ठरावीक वेळाने सर्व्हरला हजेरी देत असते. लॅपटॉप गुदमरला की ती हजेरी चुकते आणि विद्यार्थी निघून गेला असं सर्व्हर समजतो. म्हणून पडद्यावर «कनेक्शन तुटले» असं दिसतं. तो संदेश वाचून माणूस इंटरनेटलाच दोष देणार.

मी त्या वेळी पाहिलेली एक गोष्ट इथे नोंदवतो. अडकलेल्या लॅपटॉपवर चाचणी बाजूला राहू द्या, विंडोजचं Start बटण दाबलं तरी यादी उघडत नव्हती. ती यादी उघडायला इंटरनेट लागत नाही. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला डिस्कचा बारीक दिवा असतो. एरवी तो लुकलुकतो, पण या सगळ्या लॅपटॉपवर तो अखंड पेटलेला होता आणि कान जवळ नेला तर आतून सतत किरकिर ऐकू येत होती.

कोण अडकले, कोण नाही

चाचणीला 28 जुने लॅपटॉप होते. त्यांत 4 जीबी मेमरी आणि मिनिटाला 5400 फेरे घेणारी हार्ड डिस्क आहे. उरलेले 12 नवे, 8 जीबी मेमरीचे आणि एसएसडीचे. सगळे एकाच खोलीत, एकाच वायफायवर, एकाच लाइनवर. अडकलेले 22 च्या 22 जुन्यांतले होते. दोष लाइनचा असता तर तो यंत्राचं वय विचारून आला नसता.

जुन्यांतही सगळे अडकले नाहीत, आणि खरा धागा तिथेच सापडला. कार्यालयाने यूडायसची माहिती भरायला पाच जुने लॅपटॉप बुधवारी दिवसभर नेले होते आणि संध्याकाळी परत केले. त्या पाचांतले चार गुरुवारी व्यवस्थित चालले. पाचवा अडकला, पण त्याची डिस्कच खराब होत आली आहे. ती तपासताना बिघाडाची सूचना दिसते, तेव्हा तो मी वेगळा काढला आहे. कपाटातून थेट आलेल्या 23 जुन्यांपैकी मात्र 21 अडकले. उरलेले दोन रखडत का होईना शेवटपर्यंत पोचले.

ऑगस्टमधली सराव चाचणी याच लॅपटॉपांवर सुरळीत झाली होती, याची बैठकीत सगळ्यांनी आठवण काढली. ती चाचणी 21 ऑगस्टला दुपारी होती. सकाळपासून लॅबमध्ये तास चालू होते, म्हणजे लॅपटॉप कित्येक तास आधीच उघडलेले होते. त्यानंतर गणपतीची सुट्टी लागली. सुट्टी संपल्यावर शाळेचं मखर आणि सजावटीचं सामान बुधवारी दुपारपर्यंत लॅबमध्येच ठेवलेलं होतं. (थर्माकोलऐवजी पुठ्ठ्याचं मखर केलं हे छानच, पण ते दुमडत नाही.) त्यामुळे त्या आठवड्यात तास झाले नाहीत आणि कार्यालयाने नेलेले पाच सोडले तर कपाटातून एकही लॅपटॉप निघाला नाही.

विंडोज त्या वेळी काय करत होती

विंडोजचा मासिक सुरक्षा अपडेट अमेरिकेतल्या वेळेनुसार दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतो. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणजे तो खऱ्या अर्थाने बुधवारपासून मिळायला लागतो. सप्टेंबरचा दुसरा मंगळवार होता 9 तारखेला. आपली चाचणी 11 ला. बंद लॅपटॉपला अपडेट मिळत नाही. तो उघडून वायफायला जोडला गेला की थोड्याच वेळात विंडोज राहिलेली कामं काढते : मासिक अपडेट, व्हायरस-संरक्षणाच्या नव्या याद्या, ब्राउझरचा अपडेट आणि सुट्टीत चुकलेली नेहमीची देखभाल. विंडोजच्या बाजूने पाहिलं तर यात वावगं काही नाही. आपण मात्र, बुधवारी कार्यालयात गेलेले पाच सोडून, उरलेल्या 35 लॅपटॉपना हे काम एकाच मिनिटाला सांगितलं, आणि त्यांच्यासमोर परीक्षार्थी बसवले.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या संथपणाचं कारण साध्या गुणाकारात सापडतं. समजा, यांतल्या प्रत्येक लॅपटॉपला 400 मेगाबाइटचा अपडेट उतरवायचा आहे. पस्तिसांचे मिळून 14,000 मेगाबाइट होतात. 100 एमबीपीएसची लाइन सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट आणते, म्हणजे उत्तम परिस्थितीतही जवळपास 19 मिनिटं. राउटरच्या पानावरचा आलेखही तेच दाखवतो. साडेसातच्या सुमाराला लाइन शिगोशीग भरलेली, आणि पावणेआठनंतर ती उतरत गेली. आठ वाजता तर जवळजवळ मोकळी. प्रश्नपत्रिका एकदा उघडली की उत्तरं पाठवायला फार थोडा डेटा लागतो.

आणि लॅपटॉप सगळ्यांत वाईट अडकले ते आठनंतर, लाइन मोकळी असताना. इंटरनेटचा सिद्धांत इथे गळून पडतो.

हा योगायोग नाही हे पाहायला मी अडकलेल्या लॅपटॉपांची विंडोजची स्वतःची रोजनिशी काढली. Event Viewer मध्ये System या नोंदवहीत WindowsUpdateClient नावाने नोंदी असतात. क्रमांक 44 म्हणजे डाउनलोड सुरू, 43 म्हणजे बसवणं सुरू, 19 म्हणजे बसवून झालं. बहुतेक लॅपटॉपवर 44 ची नोंद साडेसातच्या आगेमागे आणि 43 ची आठच्या आसपास आहे. मुलांनी हात वर करायला सुरुवात केली तीच ही वेळ. कोणत्या दिवशी काय बसलं हे पाहायचं असेल तर पॉवरशेलमधली एक ओळ पुरते :

```
Get-HotFix | Sort-Object InstalledOn | Select-Object -Last 3
```

कार्यालयाने नेलेल्या पाच लॅपटॉपांवर ती 10 सप्टेंबर दाखवते. बाकीच्या जुन्यांवर 11.

हार्ड डिस्कच का

अपडेट नव्या लॅपटॉपांवरही त्याच सकाळी बसले. तिथे मुलांना कळलंही नाही. फरक डिस्कचा आहे, आणि तो समजला की पुढचे निर्णय सोपे होतात.

मिनिटाला 5400 फेरे म्हणजे सेकंदाला 90. एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी सुईला योग्य वर्तुळावर सरकावं लागतं, त्याचे साधारण 12 मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून माहिती आणायची असेल तर ही डिस्क सेकंदाला पन्नास-साठ विनंत्याच पुऱ्या करू शकते. एसएसडीत फिरणारं काही नसतं आणि ती अशा हजारो विनंत्या सहज उरकते. एक मोठा व्हिडिओ सलग वाचायचा असेल तर जुनी डिस्कही ठीक चालते, म्हणून एरवी तासाला पीपीटी दाखवताना या लॅपटॉपांचा राग येत नाही. अपडेट बसवणं म्हणजे मात्र हजारो छोट्या फायली उघडणं, तपासणं, बदलणं. त्यातली प्रत्येक फाइल व्हायरस-संरक्षणही तपासतं. त्यामुळे काम दुप्पट होतं. सकाळी आठला ठाणे स्टेशनवर तिकिटाची एकच खिडकी उघडी ठेवावी तशी ही रांग लागते. चाचणीची क्लिक त्याच रांगेत मागे उभी राहते.

आता मेमरीचं. 4 जीबीतला थोडा भाग आतलं ग्राफिक्स घेतं. विंडोज आणि व्हायरस-संरक्षण मिळून निम्म्याहून अधिक व्यापतात, अपडेट चालू असताना आणखी. वर कॅमेरा चालू ठेवणारी चाचणीची खिडकी. मेमरी पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. म्हणजे मेमरीची कमतरताही शेवटी त्याच डिस्कच्या रांगेत येऊन उभी राहते. म्हणून Start ची यादीही उघडत नव्हती. ती आधीच डिस्कवर हलवली गेली होती आणि परत यायला तिला नंबर लावावा लागत होता.

हे सगळं Task Manager मध्ये डोळ्यांनी दिसतं. Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये Disk निवडा. चालू वापर 100% आणि त्याखाली Average response time. निरोगी जुन्या डिस्कवर तो दहा-वीस मिलिसेकंदांत असतो. त्या दिवशी मी पाहिलेल्या एका लॅपटॉपवर तो हजाराच्या वर होता, म्हणजे प्रत्येक विनंतीला एका सेकंदाहून जास्त. आणि एका क्लिकला अशा अनेक विनंत्या लागतात. त्याच वेळी Wi-Fi चा आलेख तळाला पडलेला होता.

शनिवारी करून पाहिलेलं

कीबोर्डच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले तीन जुने लॅपटॉप सुट्टीपासून उघडलेलेच नव्हते. त्यांना बाहेरचा कीबोर्ड लावून शनिवारी पडताळणी केली. पहिला वायफायशिवाय उघडला. काही मिनिटांत डिस्क शांत झाली आणि लॅपटॉप चांगला चालला. दुसरा नेहमीप्रमाणे वायफायला जोडला आणि सरावाचा पेपर लावला. थोड्या वेळात डिस्क 100% वर गेली आणि तासभर तिथेच राहिली. गुरुवारचं सगळं दृश्य, तेही खोलीत एकच लॅपटॉप आणि अख्खी लाइन मोकळी असताना. तिसऱ्याची डिस्क काढून दुसऱ्या संगणकावरून तिच्यातलं सगळं जसंच्या तसं एका बंद पडलेल्या लॅपटॉपच्या एसएसडीवर उतरवलं आणि ती आत बसवली. मेमरी तीच 4 जीबी, वायफाय चालू, अपडेटही आला. पेपर मध्येमध्ये किंचित थांबला, पण अडकला नाही.

एकेका लॅपटॉपवरची ही पडताळणी आहे, तेव्हा यावरून मिनिटांचे हिशेब काढू नयेत. कारण कोणतं, हे ठरवायला मात्र ती पुरेशी आहे.

आता काय करावं

दुसरी लाइन घेऊ नये. ती आली तर डाउनलोड लवकर संपेल आणि बसवण्याचं काम आठऐवजी पावणेआठला सुरू होईल, एवढाच फरक पडेल.

ताबडतोब आणि फुकट होण्यासारखं काम म्हणजे चाचणीच्या आदल्या दिवशीची तयारी. सगळे लॅपटॉप चार्जरला लावून वायफायवर उघडायचे, Settings मध्ये Windows Update वर जाऊन Check for updates दाबायचं, बसू द्यायचं, Restart करायचं, आणि You're up to date असं दिसेपर्यंत हेच पुन्हा करायचं. इथे Restart च हवं. विंडोज 10 मध्ये Shut down केल्यावर लॅपटॉप सहसा अर्धवट झोपेतून उठावा तसा पुन्हा सुरू होतो आणि उरलेलं काम तसंच राहू शकतं. सगळं झाल्यावर Pause updates for 7 days दाबायचं, म्हणजे रात्रीतून नवीन काही आलं तरी सकाळी ते सुरू होणार नाही. Pause आधी आणि अपडेट नंतर असा उलटा क्रम उपयोगाचा नाही. Pause जास्तीत जास्त 35 दिवस चालतो, मग अपडेट घ्यावाच लागतो. अपडेट कायमचे बंद करा, असं बैठकीत एका सरांनी सुचवलं. मुलांचे पेनड्राइव्ह दिवसभर लागतात त्या लॅबमध्ये ते मला मान्य नाही.

Active hours लावले की भागेल, असाही समज आहे. त्याने फक्त आपोआप होणारं रीस्टार्ट थांबतं. डाउनलोड आणि बसवणं चालूच राहतं, आणि आपलं दुखणं तेच आहे.

पर्यवेक्षकांसाठी एकच सूचना द्यावी : लॅपटॉप अडकला तर Start दाबून पाहा. यादी चटकन उघडली तर नेटकडे बघा. नाही उघडली तर लॅपटॉप अडकलाय, विद्यार्थ्याला राखीव लॅपटॉपवर हलवा. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करू नका. गुरुवारी चार ठिकाणी तसं झालं. अर्धा बसलेला अपडेट मागे घेण्यात त्या लॅपटॉपांचा आणखी वेळ गेला आणि ती मुलं परत चाचणीत शिरूच शकली नाहीत.

खर्चाचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. 28 लॅपटॉपना एसएसडी बसवणं हा खरा इलाज. 256 जीबीची पुरे. काम हातातलं आहे, मी आणि प्रयोगशाळा साहाय्यक मिळून करू शकतो. पण हे लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचे आहेत आणि विंडोज 11 अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढच्यांवर चालते. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपतोय. त्यानंतर सुरक्षा अपडेट हवे असतील तर विस्तारित योजनेत नाव घालावं लागेल. शिक्षणसंस्थांसाठी तिचा दर एका यंत्रामागे पहिल्या वर्षी 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 4 डॉलर असा आहे, तेव्हा तो अडसर ठरू नये. लिनक्स टाकण्याचा पर्याय मी तपासला, पण चाचणीची बंदिस्त खिडकी विंडोजवरच चालते, म्हणून तो फक्त तासांपुरता उरतो. माझं मत असं, की एसएसडी घ्याव्यात. हे लॅपटॉप निकाली काढायची वेळ येईल तेव्हा त्या काढून दुसरीकडे वापरता येतात. मेमरी वाढवणं त्यानंतर, पैसे उरले तर. नौपाड्यातल्या दोन दुकानांतून आणि लॅमिंग्टन रोडवरून दरपत्रकं मागवली आहेत. ती आली की खरेदी समितीपुढे ठेवेन.

अडकलेल्या 22 मुलांचं काय, हा निर्णय आपला. चाचणी घेणाऱ्या संस्थेकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या हजेरीची वेळवार नोंद असते. ती मागवली तर कोणाचा किती वेळ गेला हे कळेल. माझ्या मते ज्यांना पुन्हा आत शिरता आलं नाही त्यांची फेरचाचणी घ्यावी. बाकीच्यांचं नोंद पाहून ठरवावं.

सत्र परीक्षेचा ऑनलाइन भाग गुरुवारी, 9 ऑक्टोबरला आहे. त्या महिन्याचा दुसरा मंगळवार 14 ला येतो, त्यामुळे तारीख आपल्या सोयीची आहे. ती पुढे ढकलू नये. एसएसडी तोवर येतील असं नाही. म्हणून बुधवारी, 8 तारखेला दुपारी 12.30 ते 4 लॅब पूर्ण मोकळी मिळावी, नववीची चार मुलं मदतीला द्यावीत आणि त्या वेळी कार्यालयाने लॅपटॉप मागू नयेत, एवढी परवानगी हवी आहे.

आपला,
संगणक शिक्षक